दोन थंबनेल, एक मेल आणि दहा दिवसांची वाट

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी चौदा यूट्यूबरना एकच मेसेज पाठवला होता. ‘मी थंबनेल डिझाईन करते, माझं काम सोबत जोडलं आहे, रस असल्यास कळवा.’ जोडलेली दोन चित्रं मी फ्लेक्सच्या दुकानात केलेल्या कामांची होती, एक वाढदिवसाचा बॅनर आणि एक हॉटेलच्या उद्घाटनाचा. चौदापैकी एकाचं उत्तर आलं, ‘नको’. बाकीच्यांनी तो मेसेज उघडला की नाही, तेही समजलं नाही. सहा वर्षं डीटीपी करून हात बसलेला होता, त्यामुळे ते फार लागलं. आज त्या यादीबाहेरच्या एका चॅनेलचं काम माझ्याकडे नियमित आहे. तिथपर्यंत कशी पोचले ते सगळं क्रमाने लिहिते, कारण जूनमध्ये मी हेच शोधत होते आणि मराठीत कुठे मिळालं नाही.

चॅनेल निवडणं

मी सांगली जिल्ह्यातली. आमच्याकडे विहिरीवरची मोटर बिघडली की घरातलं कोणी ना कोणी यूट्यूब उघडतं. असंच 8 जूनला वडिलांनी एक व्हिडिओ लावला होता. सोलापूर जिल्ह्यातले एक दादा, मोटर रिवाइंडिंगचं दुकान, चॅनेलचे दोन हजार तीनशे सबस्क्रायबर. समजावून सांगण्याची हातोटी फार सुंदर. तार कापण्याआधी मेन बंद केल्याचं दर वेळी कॅमेऱ्यासमोर दाखवतात. पण सगळ्या व्हिडिओंची थंबनेल म्हणजे यूट्यूबने आपोआप उचललेल्या फ्रेम होत्या. कुठे हललेला हात, कुठे नुसती फरशी, कुठे अर्धा बंद डोळा.

त्यांना लिहायचं ठरवलं, त्यामागे माझी तीन कारणं होती. एक म्हणजे ते दर आठवड्याला व्हिडिओ टाकत होते, म्हणजे काम थांबणार नव्हतं. दुसरं, कमेंटमध्ये लोक शंका विचारत होते आणि ते प्रत्येकाला उत्तर देत होते, म्हणजे माणूस मेसेज वाचणारा होता. तिसरं मला सगळ्यात मोठं वाटलं. व्हिडिओ चांगला होता आणि थंबनेल वाईट होतं. व्हिडिओच कच्चा असेल तर चांगलं थंबनेल लावून फक्त जास्त लोक निराश होतात, आणि लोक अर्ध्या मिनिटात निघून गेले की यूट्यूब तो व्हिडिओ पुढे दाखवणं कमी करतं.

पहिलं चित्र

पहिल्या चौदा मेसेजमधली चूक तोवर माझ्या लक्षात आली होती. माझा बॅनर बघून कोणाला स्वतःचा व्हिडिओ दिसत नाही. म्हणून ठरवलं की दोन्ही नमुने त्यांच्याच दोन व्हिडिओंसाठी करायचे.

पहिला व्हिडिओ होता ‘मोटर घुं घुं करते पण फिरत नाही’, 7 मिनिटं 40 सेकंदांचा. सिंगल फेजच्या मोटरचा कपॅसिटर गेला की मोटरला सुरुवातीचा झटका मिळत नाही, ती जागच्या जागी गुणगुणते आणि तापते. व्हिडिओत मधोमध एक क्षण आहे. दादा जुना कपॅसिटर नव्याशेजारी ठेवतात, त्याच्या फुगलेल्या टोपणावर बोट टेकवतात आणि म्हणतात, “हा बघा, हा फुगलाय.” संपूर्ण व्हिडिओचा जीव त्या दोन शब्दांत आहे.

व्हिडिओ थांबवून `,` आणि `.` ही बटणं दाबली की यूट्यूबवर एकेक फ्रेम मागेपुढे सरकते. तशी हात न हललेली फ्रेम शोधली. मागची टेबलावरची अडगळ पुसून गडद निळी केली. दोन्ही कपॅसिटर मोठे केले आणि फुगलेल्याच्या वर पिवळ्यात दोनच शब्द लिहिले, ‘हा फुगलाय’. शीर्षकातले शब्द पुन्हा चित्रावर लिहिले नाहीत. शीर्षक खाली असतंच, मग तेच वर कशाला?

आधी मी चांगल्या कपॅसिटरखाली, उजव्या कोपऱ्यात, ‘हा चांगला’ असंही लिहिलं होतं. मग आठवलं की त्याच कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची वेळ दाखवतं. 7:40 चा काळा चौकोन बरोबर ‘चांगला’वर बसत होता. ते शब्द काढून टाकले आणि चित्र उलट जास्त मोकळं झालं. उजवा खालचा कोपरा कायम रिकामा ठेवायचा, हे मी आता कोरी फाईल उघडतानाच करते. तिथे एक करडा चौकोन टाकून ठेवते आणि शेवटी काढते.

दुसरं चित्र आणि आईचा फोन

दुसरा व्हिडिओ होता पॅनलचं बटण सोडलं की मोटर बंद पडते यावर. आमच्याकडे याला ‘स्टार्टर धरत नाही’ म्हणतात. तेच शब्द मी ठळक अक्षरात घेतले आणि उठाव यावा म्हणून भोवती जाड पांढरी कड दिली. स्क्रीनवर छान दिसत होतं.

मग मी ते चित्र 168 पिक्सेल रुंदीचं करून आईच्या फोनवर पाठवलं. कॉम्प्युटरवर यूट्यूब बघताना बाजूच्या यादीत थंबनेल साधारण एवढंच दिसतं, आणि फोनवरही ते काही फार मोठं नसतं. आईला विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, “स्टार्टर घरत नाही.”

ध आणि भ या अक्षरांची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते. जाड कड दिली की ती फट बुजते, आणि ध चा घ होतो, भ चा म होतो. फ्लेक्सवर हे कधी जाणवलं नाही, कारण तिथे अक्षर फूटभर उंच असतं. थंबनेलवर तेच अक्षर तांदळाच्या दाण्याएवढं होतं. कड काढून टाकली आणि अक्षरांमागे सपाट गडद पट्टी ठेवली. ध पुन्हा ध झाला.

फॉन्टची दुसरी अडचण जोडाक्षरांची. दुकानात श्रीलिपी होती, पण ती दुकानाची, घरच्या कामाला वापरणं बरोबर नव्हतं. `Mukta` आणि `Baloo 2` हे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि पैसे घेऊन करायच्या कामातही चालतात. मी ते उतरवून घेतले. काही चित्रसंपादकांत मराठी टाईप केलं की ‘स्टार्टर’मधला रफार सुटा पडतो किंवा वेलांटी भलत्या अक्षराला लागते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत असं झालं तर प्रेफरन्सेसमध्ये टाईप विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. इतर ठिकाणी मी शब्द आधी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टाईप करून चित्र म्हणून आणते. वेळखाऊ आहे, पण चुकीचं जोडाक्षर गेलं तर मराठी माणूस लगेच ओळखतो.

या दुसऱ्या चित्रात मी एक गोष्ट मात्र वाईट केली. त्यांच्या व्हिडिओतला पॅनल अंधारात होता, म्हणून इंटरनेटवरून स्टार्टरचा एक स्वच्छ फोटो घेतला. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

दोन्ही चित्रांना मिळून साडेपाच तास लागले. आकार 1280 × 720, जेपीजी, प्रत्येकी तीनशे केबीच्या आत. यूट्यूबची 2 एमबीची मर्यादा फोनवरून टाकताना आड येते, त्यामुळे मी त्याच्या खूप आतच राहते. खर्च शून्य.

मेल

पत्ता चॅनेलच्या माहितीत मिळाला. लॉगिन करून ईमेल बघायचं बटण दाबलं, मी यंत्र नाही हे सिद्ध करायला चित्रांवर टिचक्या मारल्या, की पत्ता दिसतो.

लिहिण्याआधी एका गोष्टीवर मी बराच विचार केला, ती म्हणजे जोडलेली फाईल. चॅनेल चालवणाऱ्यांना खोट्या कामाचं आमिष दाखवून फाईल उघडायला लावायची आणि त्यातून त्यांच्या ब्राउझरमधलं लॉगिन चोरायचं, असा प्रकार बरीच वर्षं चालू आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये गुगलच्याच सुरक्षा पथकाने त्यावर सविस्तर लिहिलं होतं. असं चॅनेल गेलं की वर्षानुवर्षांची मेहनत जाते. म्हणून झिप फाईल नाही, ड्राइव्हची लिंक नाही, ‘इथे क्लिक करा’ नाही. चित्रं मेलच्या मजकुरातच दिसतील अशी ठेवली, म्हणजे काही उतरवून न घेता दिसावीत, आणि सोबत साध्या जेपीजी म्हणूनही जोडली. फाईलची नावंही `final2.jpg` अशी न ठेवता `motor-capacitor-thumbnail.jpg` आणि `starter-thumbnail.jpg` अशी ठेवली.

विषयात लिहिलं, ‘तुमच्या कपॅसिटरच्या व्हिडिओसाठी थंबनेल केलं आहे’. मजकूर जसाच्या तसा देते.

> नमस्कार दादा,
>
> मी सांगली जिल्ह्यातली. आमच्या विहिरीवरची मोटर अडली तेव्हा वडिलांनी तुमचा कपॅसिटरचा व्हिडिओ लावला, तिथून तुमचं चॅनेल बघते.
>
> मी सहा वर्षं डीटीपीचं काम केलं आहे आणि आता थंबनेल करते. तुमच्या दोन व्हिडिओंसाठी मी नमुने केले आहेत, ते खालीच आहेत. पहिल्यात ‘हा फुगलाय’ हे तुमचेच शब्द घेतले, कारण तिथेच माणसाला आपला बिघाड ओळखू येतो.
>
> ही दोन्ही चित्रं तुम्ही वापरलीत तर त्याचे पैसे नकोत. नको असतील तर मी काढून टाकेन. तुम्हाला विचारल्याशिवाय ती कुठेही टाकणार नाही.
>
> पुढे काम द्यावंसं वाटलं तर एका थंबनेलचे 300 रुपये, दोन दुरुस्त्या त्यातच.

खाली पूर्ण नाव, गाव आणि फोन नंबर दिला. तुमची थंबनेल खराब आहेत, असं कुठेही लिहिलं नाही. सल्ला न मागता दोष काढणारा माणूस मलाही आवडत नाही. दर मात्र लिहिला. माझ्या दुकानातल्या अनुभवानुसार, दर न सांगणाऱ्याला गिऱ्हाईक विचारत बसत नाही, ते महाग असेल असं धरून निघून जातं.

19 जूनला सकाळी मेल पाठवला.

वाट

दिवसातून दहादा मेल उघडत होते. चार दिवसांनी वाटलं की दर लिहायला नको होता. सहा दिवसांनी वाटलं की चित्रंच वाईट आहेत. या काळात दादांचा एक नवा व्हिडिओ आला, थंबनेल पुन्हा हललेल्या हाताचं. ते बघून खरंच रडू आलं.

त्यांच्या व्हिडिओखाली दुकानाचा व्हॉट्सअॅप नंबर होता. तो गिऱ्हाइकांसाठी आहे म्हणून मी आधी टाळला होता. नऊ दिवसांनी, 28 जूनला रात्री साडेआठला, दुकान बंद झालं असेल अशा वेळी, एकच मेसेज केला. ‘दादा, 19 तारखेला तुमच्या कपॅसिटरच्या व्हिडिओसाठी थंबनेल मेल केलं होतं. ते इथे पाठवते. नको असेल तर काही हरकत नाही, पुन्हा त्रास देणार नाही.’ सोबत फक्त पहिलं चित्र. फोन केला नाही. उत्तर आलं नाही तर इथेच थांबायचं, हे मनाशी पक्कं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता व्हॉइस मेसेज आला, दीड मिनिटाचा. मेल त्यांनी उघडलाच नव्हता. ‘कोलॅब’ म्हणून रोज काहीतरी येतं, ते सगळं एकदम डिलीट करतात. व्हॉट्सअॅपवर चित्र बघून मेल परत शोधला आणि दुसरंही बघितलं. मग म्हणाले, “ताई, पहिलं झकास आहे. दुसऱ्यात तुम्ही थ्री फेजचा स्टार्टर लावलाय. माझा व्हिडिओ बोअरच्या सिंगल फेज पॅनलचा आहे. थ्री फेजवाला माणूस बघायला येईल आणि शिव्या देऊन जाईल.”

मला फार लाज वाटली. व्हिडिओ मी पूर्ण बघितला होता, पण चित्र निवडताना फक्त ‘स्टार्टर’ हा शब्द डोक्यात होता. त्यांच्या पॅनलच्या डब्यात कपॅसिटर असतात, मी लावलेल्या फोटोत ते नव्हते, आणि ज्याच्या घरी तो डबा भिंतीवर आहे त्याला हे नखाएवढ्या चित्रातही कळतं. सबब न सांगता लिहिलं, ‘बरोबर आहे दादा, माझं चुकलं. तुमच्या पॅनलचा एक फोटो पाठवाल का?’ त्यांनी दहा मिनिटांत डबा उघडून, उजेडात धरून फोटो पाठवला. त्याच दिवशी दुपारी दुरुस्त थंबनेल दिलं.

ओटीपीची अडचण

आता थंबनेल लावायचं, तर दादांच्या फोनवर स्वतःचं चित्र टाकायचा पर्यायच चालेना. मला वाटत होतं त्यांना थंबनेलची हौस नाही. खरं कारण असं निघालं की तीन वर्षांत चॅनेलचा फोन नंबर कधी पडताळलाच नव्हता, आणि तोपर्यंत यूट्यूब स्वतःचं थंबनेल लावू देत नाही. त्यासाठी `youtube.com/verify` उघडून नंबर द्यायचा आणि आलेला कोड टाकायचा, एवढंच.

पण त्यांचा नंबर घेईना. एका नंबरवर वर्षात दोनच चॅनेल पडताळता येतात, आणि मुलाने तोच नंबर स्वतःच्या दोन गेमिंग चॅनेलला दिला होता. हे समजायला आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी वहिनींचा नंबर दिला आणि लगेच कोड आला. कोड मला सांगू नका, तुम्हीच टाका, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. चॅनेलचा पासवर्ड किंवा प्रवेशही मी कधी मागितला नाही. चित्र मी पाठवते, लावतात ते.

30 जूनला रात्री दोन्ही थंबनेल लागली.

दर आणि कामाची पद्धत

2 जुलैला त्यांचा फोन आला. म्हणाले, दुकानाच्या मानाने 300 जास्त होतात, 200 करा. आम्ही 250 वर थांबलो, महिन्याला चार थंबनेल, पैसे महिनाअखेर यूपीआयने. ठरलेलं सगळं मी फोननंतर चार ओळींत व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं आणि त्यांनी ‘ओके’ केलं. दुरुस्त्या दोन, तिसरीला 50 रुपये.

पद्धत अशी बसली की शूटिंग करतानाच ते बिघडलेल्या भागाचे तीन फोटो फोनने काढतात. भाग फडक्याने पुसायचा, दुकानाच्या दाराशी उजेडात ठेवायचा आणि बोट किंवा पेचकस दोषाकडे दाखवायचं. आता इंटरनेटवरचं चित्र मी घेतच नाही. व्हिडिओतल्या हललेल्या फ्रेमपेक्षा हे फोटो कितीतरी धारदार येतात, आणि वस्तू त्यांचीच असल्यामुळे चूक होत नाही.

एकदा मीच हट्ट धरला होता की जळालेल्या वाइंडिंगवर थोड्या ज्वाळा दाखवूया, लोक थांबतील. दादा म्हणाले, “ज्वाळा निघाल्याच नाहीत ताई. काळी पडली, एवढंच दाखवा.” काळी पडलेली तार जवळून मोठी केली. तेच बरोबर होतं.

आकडे

कपॅसिटरच्या व्हिडिओचा क्लिकचा टक्का आधीच्या 28 दिवसांत 3.2 होता, थंबनेल बदलल्यानंतरच्या 28 दिवसांत 4.7 झाला. स्टार्टरच्या व्हिडिओत फरक जवळजवळ पडला नाही, 3.9 वरून 4.1. यूट्यूबच्या मदतपानावर लिहिलं आहे की निम्म्या चॅनेलचा टक्का 2 ते 10 च्या दरम्यान असतो, म्हणजे आम्ही आधीही फार खाली नव्हतो आणि आताही फार वर नाही.

हा टक्का वाचताना एक सांभाळावं लागतं. थंबनेल निदान अर्धं आणि सेकंदाहून जास्त वेळ स्क्रीनवर दिसलं तरच ते ‘दाखवलं’ असं धरलं जातं, आणि त्यातल्या किती जणांनी उघडलं त्याचा हा टक्का. व्ह्यूज त्याच काळात कमी झाले होते. दादा घाबरले. पण जुलैत पाऊस होता, विहिरीवरच्या मोटरी बंद होत्या, बिघाड शोधणारेच कमी होते. म्हणून आम्ही व्ह्यूज न बघता टक्का बघितला, आणि त्यासोबत लोक सरासरी किती वेळ थांबले तेही. तो वेळ घटला असता तर थंबनेल खोटं बोलतंय असं मी धरलं असतं. तो होता तेवढाच राहिला.

31 जुलैला हजार रुपये जमा झाले. त्यानंतर मी विचारलं, की पहिलं थंबनेल माझ्या कामाच्या नमुन्यांत ठेवू का? त्यांनी होकार दिला आणि वर म्हणाले, खाली माझ्या दुकानाचं नाव टाका.

ऑगस्टमध्ये मी आणखी तीन जणांना लिहिलं, प्रत्येकाला त्याच्याच व्हिडिओची दोन चित्रं करून. एका शेळीपालनवाल्या ताईंचं उत्तर आलं आहे, त्यांना दिवाळीनंतर सुरू करायचंय. इतर दोघांचं अजून नाही. त्यांना नवव्या दिवशी एकदा आठवण केली आणि थांबले.

काल संध्याकाळी दादांनी पुढच्या व्हिडिओचे फोटो पाठवले. बेअरिंगचा आवाज कसा ओळखायचा, असा विषय आहे. तीन फोटोंपैकी एकात त्यांनी पेचकसाचं टोक मोटरच्या अंगाला टेकवलंय आणि मूठ कानाला लावलीय. खाली लिहिलंय, ‘यावर “ऐका” एवढंच लिहा.’